टिचकी सतराव्या ओळीवर

लेख पूर्ण झाला होता. प्रस्तावना तर दोन महिन्यांपूर्वीच झाली होती आणि इतक्यांदा घासूनपुसून काढली होती, की तिच्यात आता काही राहिलं असेल असं मला वाटत नव्हतं. विषय आमच्या बडोद्याचाच, सयाजीराव गायकवाडांच्या काळातली गावोगाव फिरणारी पुस्तकांची पेटी. पेट्यांबद्दल जुन्या अहवालांत जे सापडलं ते मी तीन वर्षं गोळा करत होतो. सहाशे चाळीस शब्दांची प्रस्तावना, पाच परिच्छेद. पाठवायच्या आधी एकदा कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावी, एवढाच बेत होता. खरं सांगायचं तर मला दाद हवी होती.

ऐकायला बसल्या आमच्या कॉलेजातल्या ताई. रसायनशास्त्र शिकवतात, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. जन्म दांडिया बाजारातला, घर आजही तिथेच. त्यांना निवडण्यामागे थोडा विचार होता. इतिहासातल्या सहकाऱ्याला वाचून दाखवलं असतं तर मी गाळलेलं सगळं त्याने स्वतःच्या डोक्यातून भरून घेतलं असतं आणि शेवटी ‘छान’ म्हणाला असता. अगदीच नवख्या माणसाला धरलं असतं तर तो पहिल्या ओळीपासून हरवला असता, आणि दोष माझा की विषयाचा हे कळलं नसतं. ताईंना बडोदं माहीत आहे, सयाजीराव माहीत आहेत, लेखाचा विषय मात्र माहीत नाही. लेखाचा वाचकही साधारण असाच असणार.

रविवारी सकाळी शेव उसळ बांधून घेऊन त्यांच्याकडे गेलो. प्रस्तावनेची प्रत मोकळ्या ओळींत छापलेली होती आणि ओळींना सलग क्रमांक दिलेले होते, एक ते अठ्ठावन्न. प्रत एकच, माझ्या हातात. ताईंनी मागितली, मी दिली नाही. कागद हातात आला की डोळे मागे जातात, अडलेली ओळ दुसऱ्यांदा वाचतात आणि अडल्याचं विसरूनही जातात. कानाला ती सोय नाही. शब्द गेला तो गेला.

ठरलं ते असं. जिथे धागा सुटला असं वाटेल तिथे त्यांनी टेबलावर टिचकी मारायची. बोलायचं नाही, का सुटला ते सांगायचं नाही. मी त्या क्षणी तोंडात असलेल्या शब्दावर पेन्सिलीने एक उभी रेघ मारायची आणि पुढे जायचं.

पहिल्याच खेपेला हा नियम मी मोडला. दुसऱ्या परिच्छेदात, सतराव्या ओळीवर टिचकी पडली आणि मी थांबलो. थांबलो म्हणजे काय, समजावायलाच लागलो. १८९३ मध्ये महाराजांनी अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झालं, पण खेड्यातलं मूल शाळा सोडून शेतात गेलं की त्याच्या हातात वाचायला काहीच पडत नसे, आणि चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरं पुसून जायची, म्हणून मग पुस्तकं गावापर्यंत न्यायची कल्पना... असं दोन मिनिटं तरी बोलत होतो. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “हे लिहिलंयस का तू?”

नव्हतं लिहिलेलं.

म्हणजे सन होते, अमरेली होती, सक्तीचा कायदा होता. शाळा सुटल्यावर अक्षर विसरण्याची गोष्ट मात्र नव्हती. तीन वर्षं तिच्याबरोबर राहिल्यामुळे ती कागदावर उतरली की नाही हे पाहायचं मला सुचलंच नव्हतं. ताईंनी विचारलं नसतं तर मी जे तोंडी सांगितलं त्यावर त्यांचं समाधान झालं असतं, माझंही झालं असतं, आणि कागद होता तसाच राहिला असता. त्यानंतर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं आणि टिचकी पडली तरी तोंड मिटून पुढे गेलो. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. जीभ शिवशिवते.

बोलायचं ते परिच्छेद संपल्यावर. तेव्हा मी तीन गोष्टी विचारायचो. आत्ता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. पुढे काय येईल असं वाटतं? टिचकी मारलीत तेव्हा डोक्यात काय चाललं होतं? हे परिच्छेदाच्या शेवटीच विचारायचं, सगळं वाचून झाल्यावर नाही. अठ्ठावन्न ओळी ऐकून झाल्यावर माणूस सतराव्या ओळीवर आपण कुठे होतो ते सांगू शकत नाही, मग काहीतरी शहाणपणाचं कारण रचून देतो.

आता त्या सतराव्या ओळीकडे येतो, कारण त्या सकाळी मला खरं जे कळलं ते तिथेच. ओळ अशी होती:

“त्यामुळे सक्तीच्या शिक्षणाने उभा केलेला प्रश्न काही अंशी सुटला.”

टिचकी ‘सुटला’वर पडली. आधीच्या माझ्या सवयीने मी काय केलं असतं? घरी येऊन ही ओळ दुरुस्त केली असती. ‘काही अंशी’ काढलं असतं, ‘त्यामुळे’च्या जागी ‘परिणामी’ घातलं असतं, वाक्य इकडून तिकडे केलं असतं. पण ओळीत चूक नव्हतीच. ताईंनी सांगितलं, “तू प्रश्न सुटला म्हणालास, तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न कुठला ते मला माहीतच नाही. तोपर्यंत मला सगळं कळतंय असंच वाटत होतं.”

मी मागे मागे जाऊन पाहिलं. प्रश्न सांगायची जागा होती सहावी ओळ, पहिल्या परिच्छेदाच्या मध्यावर, १९०६ च्या लगेच पुढे. तिथे टिचकी पडली नव्हती आणि पडणारही नव्हती. जे वाक्य नाहीच त्यावर कोणी अडखळत नाही. ऐकणारा उधारीवर पुढे जातो, पुढे कळेल म्हणतो. अकरा ओळींनी लेखक उधारी वसूल झाल्यासारखं बोलतो तेव्हा त्याला कळतं की आपल्याला काही मिळालंच नव्हतं. म्हणून रेघ मारलेली जागा आणि दुरुस्तीची जागा एकच असेल असं धरून चालता येत नाही. रेघेवरच्या शब्दापासून मागे निघायचं आणि विचारत जायचं, हा शब्द कळायला ऐकणाऱ्याजवळ काय असायला हवं होतं, आणि ते मी कुठे दिलं? रेघेच्या मागेपुढे दोन ओळींत उत्तर सापडलं तर दोष वाक्याचा. सापडलंच नाही, तर काहीतरी सांगायचंच राहून गेलंय.

सहाव्या ओळीनंतर मी एक वाक्य घातलं: “पण शाळा सोडून शेतात गेलेल्या मुलाला गावात वाचायला काही नसे, आणि शिकलेलं अक्षर काही वर्षांतच विसरलं जाई.” सतराव्या ओळीतलं एक अक्षरही बदललं नाही.

त्याच परिच्छेदात आणखी एक गोष्ट होती, आणि तिथे ताईंनी टिचकी मारलीच नव्हती. अडखळलो होतो मी. वाक्य हे:

“संस्थानातील शैक्षणिक सुधारणांचा पुढचा टप्पा म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून पाचारण करण्यात आलेल्या विल्यम ॲलन्सन बोर्डेन यांच्या देखरेखीखाली आकारास आलेल्या रचनेत मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि फिरत्या पेट्या यांचा अंतर्भाव होता.”

तीस शब्द. ‘बोर्डेन’पाशी माझा श्वास संपला. ‘रचनेत’पाशी दुसऱ्यांदा थांबलो. पहिले वीस शब्द होईपर्यंत हे वाक्य महाराजांबद्दल आहे, बोर्डेनबद्दल आहे की पुस्तकांबद्दल, याचा पत्ता नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याबद्दल तक्रार नाही, आपण सगळे शेवटपर्यंत वाट पाहायला सरावलेले आहोत. पण ‘आलेल्या’वर ‘आलेल्या’ चढवत गेलं की ऐकणाऱ्याला प्रत्येक तुकडा हातात धरून उभं राहावं लागतं, ठेवायला जागाच मिळत नाही. ताईंना विचारलं, या वाक्यावर टिचकी का नाही? म्हणाल्या, “ते मी सोडूनच दिलं. म्हटलं प्रस्तावना आहे, असंच लिहितात.”

हे टिचकीपेक्षा वाईट. धागा सुटला की माणूस खूण करतो. सोडून दिल्यावर करत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याने स्वतःच्या अडखळण्याच्याही खुणा कराव्यात. मी श्वास मोडला तिथे तिरकी रेघ मारली होती. त्या वाक्याची पुढे तीन वाक्यं झाली: १९१० मध्ये महाराजांनी बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. तो १९१३ पर्यंत इथे होता. त्या तीन वर्षांत त्याने राज्याचं ग्रंथालय खातं उभं केलं. ‘पाचारण’ गेलं. कोणाला त्याची उणीव भासली नाही.

तिसऱ्या परिच्छेदात चोविसाव्या ओळीवर टिचकी. इथे गोष्ट पैशांची होती. बडोद्याच्या पद्धतीत गावाने वाचनालयासाठी जितकी रक्कम जमवायची तितकीच प्रांत पंचायत घालणार आणि तितकीच सरकार घालणार. कल्पना साधी आणि सुंदर आहे. मी ती अशी लिहिली होती: “संस्थेने आपला हिस्सा जमवल्यावरच संस्थानाचा हिस्सा मिळे, आणि संस्थानाच्या हिश्श्याइतकाच हिस्सा प्रांत पंचायतीकडून संस्थेस मिळे.”

कागदावर ‘संस्था’ आणि ‘संस्थान’ वेगळे दिसतात. मी तर दोन महिने डोळ्यांनीच वाचत होतो. मोठ्याने, सलग, विभक्ती लागून आले की संस्थेने, संस्थानाने, संस्थेस, संस्थानास सगळ्याचा एक गुंता होतो. ताईंना परत सांगायला लावलं तर त्या म्हणाल्या, “संस्थानाने आधी पैसे जमवायचे, मग गावाला द्यायचे.” बरोबर उलटं. आणि त्यांनी अगदी खात्रीने सांगितलं. परिच्छेदानंतर परत सांगायला लावतो ते याचसाठी. टिचकी न मारता चुकीचं समजलेला माणूस असाच सापडतो.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागली. या परिच्छेदापुरतं ‘संस्थान’ हा शब्द हाकलला, ‘बडोदा सरकार’ केलं. ‘संस्था’ गेली, तिथे ‘गाव’ आलं. आणि एक उदाहरण घातलं: समजा गावाने शंभर रुपये जमवले, तर प्रांत पंचायतीचे शंभर आणि सरकारचे शंभर मिळून वाचनालयाच्या हाती तीनशे येत. ताई म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलंस?” मला वाटत होतं उदाहरण दिलं की लेख शाळकरी दिसतो.

एकोणतिसाव्या ओळीवर पुढची टिचकी. तिचं कारण ऐकून मला लाज वाटली. मी एकाच परिच्छेदात ग्रंथालय, वाचनालय आणि पुस्तकालय हे तिन्ही शब्द वापरले होते. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की लाल शाईने गोल पडायचा, त्या भीतीने मी आयुष्यभर शब्द बदलत आलोय. ताईंनी प्रत्येक शब्दासाठी डोक्यात वेगळा खण उघडला होता. “तीन प्रकार आहेत ना? मग तिसऱ्याबद्दल काही बोललाच नाहीस.”

यात गंमत अशी, की त्यांचा समज अगदी चुकीचा नव्हता. बडोदा राज्यात नुसती वर्तमानपत्रं-मासिकं वाचायची खोली वेगळी आणि पुस्तकं घरी नेता येतील असं ग्रंथालय वेगळं, हा भेद खरोखर होता. म्हणजे जिथे दोन वस्तू होत्या तिथे मी दोन्हींना कुठलाही शब्द वापरला, आणि जिथे एक होती तिथे तिला तीन नावं दिली. लेखाच्या पुढच्या भागातही हाच घोळ असणार हे तेव्हाच उमगलं, आणि होता. संध्याकाळी संगणकावर तिन्ही शब्द शोधून एकेक जागा पाहिली. पेपर वाचायची ती ‘वाचन-खोली’, पुस्तकं देणारं ते ‘ग्रंथालय’, ‘पुस्तकालय’ कायमचं बंद. ‘वाचनालय’ फक्त जुन्या नावांत जसं आहे तसं ठेवलं.

तेहेतिसाव्या ओळीवरची टिचकी खोटी निघाली. खालून वरातीचा बँड चालला होता, ताईंना दोन वाक्यं ऐकूच आली नव्हती. मी तिथे गोल काढून ‘बँड’ लिहिलं आणि परिच्छेद पुन्हा वाचला, टिचकी पडली नाही. खिडकी आधीच बंद करायला हवी होती. प्रत्येक खूण लेखाची चूक असते असं नाही, म्हणून कारण विचारल्याशिवाय एकही शब्द बदलू नये. उलट मी मघाशी सांगितलं तसं कारण ऐकूनही जागा लगेच बदलू नये. ऐकणारा कुठे हरवला हे तो बरोबर सांगतो. का हरवला हे सांगताना अर्ध्या वेळा चुकतो, आणि काय करायला हवं हे सांगायला लागला की बहुतेक चुकतोच. ताईंचा सल्ला होता की बोर्डेनबद्दल जास्त लिही, माणूस रंगतदार वाटतो. मी मान डोलावली.

चौथ्या परिच्छेदात एकही टिचकी नाही. मी खूश. पण परत सांगायला लावलं तर त्या सांगायला लागल्या मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या काचेच्या जमिनीबद्दल. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, त्यातून उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरतो. चाळिसाव्या ओळीत मी याचा उल्लेख केला होता, जाता जाता, अर्ध्या वाक्यात. ताई लहानपणी वडिलांबरोबर तिथे जायच्या. फ्रॉक घातलेला असायचा म्हणून काचेवर उभं राहायला लाज वाटायची, वडील रागवायचे, सगळं त्यांनी मला सांगितलं. छान होतं. फक्त त्या गोष्टीनंतर मी वाचलेल्या सात ओळींतलं त्यांच्याकडे काहीही उरलं नव्हतं, आणि त्या सात ओळींत लेखाचा मुख्य दावा होता.

या प्रकाराला काय खूण करावी हे मला माहीत नव्हतं. हरवणं म्हणावं तर त्या मजेत होत्या. शेवटी समासात बाण काढला, बाहेर जाणारा. काचेची जमीन खरी आहे, आकर्षक आहे, आणि माझ्या लेखाशी तिचा काही संबंध नाही. माझा लेख मांडवीच्या इमारतीतून बाहेर पडलेल्या पुस्तकांचा आहे. इतकी चमकदार वस्तू दाव्याच्या तोंडाशी ठेवली तर लोक तिच्याकडेच बघणार. ती उचलून मी आतल्या भागात नेली, जिथे इमारतीचीच गोष्ट चालली आहे. काढताना जीवावर आलं. प्रस्तावनेत माझं सर्वांत आवडतं अर्धं वाक्य तेच होतं.

पाचवा परिच्छेद फिरत्या पेट्यांचा. इथे मी मनापासून वाचलं. ताईंनी टिचकी मारली नाही, परत सांगितलं तेही जवळपास बरोबर. मग त्यांचा भाचा आला, अकरावीतला, उसळीच्या वासाने. ताई म्हणाल्या, “बघ ने, याला वाचू दे. तू तर नाटकात वाचावं तसं वाचतोयस.” मी थोडा दुखावलो, पण कागद त्याला दिला. त्याने पहिल्यांदाच पाहिलेला मजकूर, सपाट आवाजात, स्वल्पविरामाला थांबत, वाचायला घेतला. वाक्य आलं:

“खात्याच्या अहवालांत पेट्यांच्या नोंदी आहेत; त्या कोणी वापरल्या हे मात्र कळत नाही.”

टिचकी. “नोंदी कोणी वापरल्या? कशाला वापरेल कोणी नोंदी?”

‘त्या’ म्हणजे पेट्या. मी वाचताना ‘पेट्यांच्या’वर जोर दिला होता आणि ‘त्या’ म्हणताना, ताई म्हणतात, हाताने हवेत पेटीएवढा चौकोन काढला होता. कागदावर ना जोर आहे ना हात. मराठीत तीन लिंगं असल्यामुळे सर्वनाम सहसा आपला धनी शोधून काढतं. ‘अहवाल’ म्हटलं असतं तर ‘ते’ आलं असतं आणि भांडण मिटलं असतं. पण नोंद स्त्रीलिंगी, पेटीही स्त्रीलिंगी, दोन्ही अनेकवचनी, आणि ‘त्या’ला जवळची नोंद सापडली. वाक्य झालं: “कुठली पेटी कुठे गेली याची नोंद खात्याच्या अहवालांत आहे, पेटीतली पुस्तकं कोणी वाचली याची नाही.” लिहून झाल्यावर कळलं की मला पेट्या वापरण्याबद्दल बोलायचंच नव्हतं, पुस्तकं वाचण्याबद्दल बोलायचं होतं.

एवढं झाल्यावर आधीचे चारही परिच्छेद भाच्याकडून वाचून घ्यावेत असं वाटलं, पण ताईंना ते आता दोनदा ऐकून पाठ झाले होते. ऐकणारा एकदाच वापरता येतो. दुसऱ्यांदा तो हरवत नाही, कारण पहिल्यांदा जे कळलं नव्हतं ते त्याला मी परिच्छेदांच्या मध्ये सांगून टाकलेलं असतं. उसळही थंड झाली होती. दीड तास गेला होता, त्यातलं वाचन जेमतेम वीस मिनिटांचं.

आठवड्याने सुधारलेली प्रस्तावना कॉलेजच्या हिशेब विभागातल्या एका सहकाऱ्याला ऐकवली. या खेपेला वाचलं ताईंच्या भाच्याने, मी नुसता शेजारी बसून खुणा करत होतो आणि हात मांडीखाली ठेवले होते. सातवी ओळ, म्हणजे मी नवीन घातलेलं वाक्य, बिनटिचकीचं गेलं. तीनशे रुपयांपाशी ते हसले, तिथे काय करावं न कळून मी छोटं फूल काढलं. दोन टिचक्या पडल्या. एक प्रांत पंचायतीवर, कारण प्रांत म्हणजे त्यांना मुंबई प्रांतासारखं काहीतरी मोठं वाटलं. बडोदा राज्यात जिल्ह्यालाच प्रांत म्हणत, हे चार शब्दांत सांगायचं मी विसरलो होतो. ताईंना ते आजोबांच्या तोंडून माहीत होतं, म्हणून त्या अडल्या नव्हत्या.

दुसरी टिचकी अगदी शेवटच्या ओळीवर, जिथे “प्रस्तुत लेखात या उपक्रमाच्या सामाजिक परिणामांचा आढावा घेतला आहे” असं होतं. मी विचारलं, इथे काय झालं? ते म्हणाले, “कळलं मला. पण मी वाट बघत होतो, की त्या पेट्या परत यायच्या का ते तुम्ही सांगाल. गावात गेलेलं पुस्तक परत येतं होय?”

माझ्या लेखातली अर्धी पानं याच्यावरच आहेत. प्रस्तावनेत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. ‘सामाजिक परिणामांचा आढावा’ खोडला आणि त्यांचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, ‘होय’ तेवढा काढून, शेवटच्या ओळीत लिहिला. ‘प्रांत’चे चार शब्द धरून आता त्रेसष्ट ओळी झाल्या आहेत. तिसरा ऐकणारा शोधतोय. घरी विचारून पाहिलं, पण घरच्यांनी पेट्यांबद्दल तीन वर्षं इतकं ऐकलंय, की त्यांना अडवेल असं एकही वाक्य मला लिहिता येणार नाही.